परिपाठ लांबला आणि तासिका वीस मिनिटांवर आली, तर

शाळेची पहिली तासिका साधारण ३५ ते ४० मिनिटांची असते. जयंती, पुण्यतिथी, पाहुण्यांचे भाषण, बक्षीस वाटप किंवा एखाद्या अभियानाची प्रतिज्ञा परिपाठात आली, की यातली पंधरा-वीस मिनिटे परिपाठातच जातात. टाचण चाळीस मिनिटांचे आणि हातात वेळ वीस मिनिटांचा, अशा वेळी बहुतेक शिक्षकांना एकच प्रश्न पडतो: पाठ तसाच ठेवून भरभर घ्यायचा, अर्ध्यावर थांबवायचा, की सोडून देऊन सराव घ्यायचा? तिन्ही गोष्टी सर्रास केल्या जातात आणि तिन्हींत काहीतरी हातचे जाते. भरभर घेतलेल्या पाठात शिक्षक पुढे जातो आणि वर्ग मागे राहतो. अर्ध्यावर थांबलेल्या पाठात मुलांनी नुसते ऐकलेले असते, स्वतः काही केलेले नसते. सराव घेतला तर आजचा घटक उद्यावर जातो आणि उद्याचा परवावर.

चौथा मार्ग आहे. पाठातला एक छोटा पण पूर्ण तुकडा निवडायचा, तो शिकवायचा, मुलांकडून करून घ्यायचा आणि तपासायचा. बाकीचे नोंद करून पुढच्या तासिकेला ठेवायचे. हे कसे करायचे, ते इयत्ता सहावीच्या गणितातील एका पाठावर पुढे दाखवले आहे. पाठ आहे पूर्णांकयुक्त अपूर्णांकांची बेरीज, छेद वेगळे असताना.

वेळ नेमका किती, ते आधी मोजावे

वीस मिनिटे म्हणजे परिपाठ संपल्यापासूनची वीस मिनिटे नव्हेत. मैदानावरून रांगेने वर्गात येणे, चपला-बूट काढणे, बाक सरळ करणे, पाण्याच्या बाटलीचा एक घोट आणि दप्तरातून वही काढणे, या सगळ्यात तीन-चार मिनिटे जातात. तासिका ११.०० ते ११.४० असेल आणि परिपाठ ११.१७ ला संपला, तर मुले बसून शिकवणे सुरू होईपर्यंत ११.२० झालेले असतात. पाठाची आखणी इथून पुढच्या वीस मिनिटांची करावी. परिपाठच ११.२० ला संपला असेल, तर हातात सोळा-सतरा मिनिटे आहेत असे धरावे आणि पुढे दिलेल्या आराखड्यातला तीन-चार मिनिटांचा भाग कमी करावा, मुलांच्या सोडवण्याचे उदाहरण मात्र ठेवावे.

या तीन-चार मिनिटांतले एखादे मिनिट वाचवता येते. परिपाठ लांबणार हे आधी माहीत असेल, तर मैदानावर जाण्यापूर्वीच पहिला प्रश्न फळ्यावर लिहून ठेवावा. मुलांना सवय लावावी, की वर्गात आल्यावर फळ्यावर प्रश्न दिसला तर कोणी सांगायची वाट न पाहता पाटीवर किंवा कच्च्या वहीत तो सोडवायला घ्यायचा. वर्गशिक्षकाला पहिल्या तासिकेत हजेरीही घ्यावी लागते. ती नावे पुकारून न घेता, मुले हा प्रश्न सोडवत असताना रिकाम्या जागा पाहून भरावी. पंचेचाळीस नावे पुकारायला दोन-तीन मिनिटे लागतात, आणि वीस मिनिटांच्या तासिकेत ती परवडत नाहीत.

काय ठेवायचे, ते वहीवरून ठरवावे

कापायला बसल्यावर हात आपोआप पाठाच्या शेवटाकडे जातो. वर्गपाठ कमी केला जातो, संकलन सोडले जाते आणि उरलेली उदाहरणे गृहपाठात ढकलली जातात. प्रस्तावना आणि स्पष्टीकरण मात्र जसेच्या तसे राहते, कारण ते आधी येते. त्यामुळे कात्री नेमकी चुकीच्या जागी चालते. मुलाला बेरीज जमली की नाही, हे ज्या भागात कळणार असते, तोच भाग गळतो.

उलट बाजूने सुरुवात करावी. तासिका संपेल तेव्हा प्रत्येक मुलाच्या वहीत स्वतः केलेले काय दिसायला हवे, ते एका वाक्यात लिहावे. आपल्या उदाहरणात ते वाक्य असे आहे: ‘छेद वेगळे असलेल्या दोन पूर्णांकयुक्त अपूर्णांकांची बेरीज, अपूर्णांकाचा भाग एकापेक्षा कमी राहील अशी, मुलाने स्वतः केली.’ या वाक्यापर्यंत नेणारे तेवढे ठेवावे. वाक्यात ‘आणि’ येऊ लागला, की दोन उद्दिष्टे घुसली असे समजून एक काढावे.

मूळ टाचणात चाळीस मिनिटे साधारण अशी वाटलेली असतात. हजेरी आणि वह्या पाहणे ३ मिनिटे, पूर्वज्ञानावरचे प्रश्न ५, दुधाच्या दोन भांड्यांचा प्रसंग सांगून प्रस्तावना ४, कागदी पट्ट्यांची कृती ८, बेरजेच्या दोन पद्धती ८, वर्गपाठाची चार उदाहरणे ८, संकलन २ आणि गृहपाठ २. हेच टाचण वीस मिनिटांचे केले की असे दिसते:

- पाटीवर एक प्रश्न, त्याच वेळी हजेरी: ३ मिनिटे
- पाट्या वर करून पाहणे आणि पुढचे ठरवणे: १ मिनिट
- फळ्यावर एक उदाहरण, एकाच पद्धतीने: ६ मिनिटे
- मुले स्वतः एक उदाहरण सोडवतात, शिक्षक फिरून पाहतात: ७ मिनिटे
- दिसलेल्या चुकांपैकी एक फळ्यावर घेणे: २ मिनिटे
- गृहपाठ लिहून देणे: १ मिनिट

स्पष्टीकरण पंचवीस मिनिटांवरून (प्रस्तावना, कृती, दोन पद्धती आणि त्यांचे पूर्वज्ञान) निम्म्याहून खाली आले आहे. मुलांच्या हाताला मात्र पूर्वीच्या आठ मिनिटांच्या जागी सात मिनिटे आहेत. चार उदाहरणांऐवजी एकच उदाहरण आहे, पण ते घाईत नाही.

कागदी पट्ट्या काढाव्यात का?

कृती वगळताना अनेक शिक्षकांना अपराधी वाटते, आणि ते रास्त आहे. कृतीतूनच अर्थ कळतो, असे प्रशिक्षणात सांगितलेले असते आणि ते बरोबरही असते. पण कोणत्या अर्थासाठी कृती ठेवली आहे, ते पाहावे. १/२ आणि १/३ थेट मिळवता येत नाहीत, आधी समान आकाराचे तुकडे करावे लागतात, हा अर्थ पट्ट्यांतून कळतो. तो भिन्नछेद अपूर्णांकांच्या बेरजेचा आहे आणि मुलांनी आधीच्या पाठात, आधीच्या इयत्तेतही तो पाहिलेला असतो. आजची नवी गोष्ट एवढीच आहे, की अपूर्णांकासोबत पूर्णांकही आहे. त्यामुळे आज पट्ट्या वगळल्या तरी चालते.

पाठ भिन्नछेद अपूर्णांकांच्या पहिल्याच बेरजेचा असता, तर निर्णय उलटा झाला असता. तिथे पट्ट्या ठेवून लेखी रीत उद्यावर टाकावी लागली असती. आजची नवी गोष्ट ज्या कृतीवर उभी आहे ती कृती राखावी, आणि जुनी गोष्ट उजळवण्यासाठी ठेवलेली कृती सोडावी.

दोनपैकी कोणती पद्धत

या बेरजेच्या दोन रीती आहेत. पहिलीत पूर्णांक वेगळे आणि अपूर्णांक वेगळे मिळवतात. दुसरीत दोन्ही संख्या अंशाधिक अपूर्णांकांत बदलून घेतात, मग समच्छेद करून मिळवतात आणि शेवटी उत्तर पुन्हा पूर्णांकयुक्त करतात. दोन्ही शिकवायच्या आहेत, पण वीस मिनिटांत एकच घ्यावी.

पहिली घ्यावी. फळ्यावर ती चार ओळींत मावते:

२ पूर्णांक १/२ + १ पूर्णांक १/३
= (२ + १) + (१/२ + १/३)
= ३ + (३/६ + २/६)
= ३ पूर्णांक ५/६

हेच दुसऱ्या रीतीने केले तर ५/२ + ४/३, मग १५/६ + ८/६, मग २३/६ आणि शेवटी ३ पूर्णांक ५/६. उत्तर तेच येते, पण रूपांतर तीनदा करावे लागते आणि प्रत्येक रूपांतरात गुणाकाराची किंवा भागाकाराची चूक होऊ शकते. वेळ कमी असताना चूक कुठे झाली ते शोधणेही अवघड जाते. पहिल्या रीतीत मुलाला जे येते त्यावर नवी गोष्ट थेट बसते. तिला एक मर्यादा आहे: अपूर्णांकांची बेरीज एकापेक्षा जास्त झाली, की एक पूर्ण बाजूला काढून पूर्णांकात मिळवावा लागतो. ही पायरी आज घ्यायची नाही. ती टाळायचे काम संख्यांच्या निवडीने होते.

संख्या आधी सोडवून पाहाव्यात

कापलेला पाठ सर्वांत जास्त वेळा इथेच फसतो. शिक्षक ऐन वेळी मनाने उदाहरण घालतात, समजा १ पूर्णांक १/२ + २ पूर्णांक २/३. दिसायला ते सोपे आहे. पण अपूर्णांकांची बेरीज ३/६ + ४/६ = ७/६ येते, म्हणजे एकापेक्षा जास्त. वर्गातली निम्मी मुले ‘३ पूर्णांक ७/६’ लिहून थांबतात आणि ‘सर, हे बरोबर आहे का?’ असे विचारू लागतात. उत्तर चुकीचे नसते, अपुरे असते. ते समजावून सांगायला चार-पाच मिनिटे लागतात आणि मुलांच्या सोडवण्याचा वेळ त्यातच जातो.

म्हणून वर्गात जाण्यापूर्वी तीन-चार उदाहरणे निवडून टाचणाच्या कडेला उत्तरांसकट लिहून ठेवावीत. निवडीचे निकष दोनच आहेत. अपूर्णांकांची बेरीज एकापेक्षा कमी यावी, आणि लसावि बारा-पंधराच्या पुढे जाऊ नये. मुलांसाठी १ पूर्णांक १/४ + २ पूर्णांक २/३ हे चांगले उदाहरण आहे. ३/१२ + ८/१२ = ११/१२ म्हणून उत्तर ३ पूर्णांक ११/१२ येते. छेद मोठा नाही, आणि या उदाहरणात मुलांच्या चुका वेगवेगळ्या उत्तरांतून ओळखू येतात, ते पुढे पाहू.

पाठ्यपुस्तकातील सरावसंच थेट देताना हीच काळजी घ्यावी. तिथे दोन्ही प्रकारची उदाहरणे मिसळलेली असतात. आज चालतील त्यांच्या क्रमांकांवर आधीच पेन्सिलीने खूण करून ठेवावी.

चौथ्या मिनिटाला निर्णय

फळ्यावरचा पहिला प्रश्न १/२ + १/३ असा असावा. त्यात पूर्णांक नाही, आजचे नवे काहीच नाही. तीन मिनिटांनी ‘पाट्या वर’ म्हणावे आणि रांगांवरून नजर फिरवावी. पाटी नसेल तर कच्च्या वहीचे पान चालते, मात्र उत्तर मोठ्या आकड्यांत लिहायला सांगावे. बहुतेक पाट्यांवर ५/६ दिसले तर ठरल्याप्रमाणे पुढे जावे.

अर्ध्या पाट्यांवर २/५ दिसले, तर आजचा पाठ घेऊ नये. त्या मुलांनी अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला आहे. त्यांच्यापुढे पूर्णांकयुक्त अपूर्णांक ठेवला तर तीच चूक ती मोठ्या उदाहरणात करतील. उरलेली सोळा मिनिटे भिन्नछेद बेरजेलाच द्यावीत. सुरुवातीला एकच प्रश्न विचारावा: ‘अर्धी भाकरी होती, तिच्यात आणखी थोडी मिळवली. आता अर्ध्यापेक्षा कमी होईल का?’ २/५ हे अर्ध्यापेक्षा कमी असते, हे दोन पट्ट्या शेजारी धरून दाखवता येते. इथे मात्र पट्ट्या हव्यात, म्हणून वगळलेले साहित्यही टेबलावर असावे. टाचणात ‘पूर्वज्ञान कच्चे आढळले, भिन्नछेद बेरीज पुन्हा घेतली’ अशी नोंद करावी. ही नोंद कामचुकारपणाची मानली जाईल अशी भीती बाळगू नये. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या अधिनियमात शिक्षकांची कर्तव्ये कलम २४ मध्ये सांगितली आहेत. त्यांत अभ्यासक्रम ठरलेल्या वेळेत पूर्ण करणे आहे, आणि प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरजेनुसार जादा अध्यापन करणे हेही आहे.

पाच-सहा मुलांचेच २/५ आले असेल, तर पाठ थांबवू नये. ती मुले कोण ते लक्षात ठेवून सोडवण्याच्या सात मिनिटांत आधी त्यांच्याजवळ जावे.

सात मिनिटांत काय पाहायचे

पंचेचाळीस वह्या प्रत्येकी दहा सेकंद पाहिल्या तरी साडेसात मिनिटे लागतात. म्हणजे सगळ्या वह्या नीट पाहून होणार नाहीत, हे धरूनच चालावे. मुलांना उत्तराभोवती चौकट काढायला सांगावे. चौकट दुरूनही दिसते आणि नजर थेट उत्तरावर जाते. १ पूर्णांक १/४ + २ पूर्णांक २/३ या उदाहरणात चौकटीतल्या आकड्यांवरूनच चूक कळते.

३ पूर्णांक ३/७ असेल, तर मुलाने अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला आहे: १ आणि २ मिळून ३, ४ आणि ३ मिळून ७. ही पाटीवरच्या २/५ चीच चूक आहे. या मुलाला आजची रीत पुन्हा सांगून उपयोग नाही, त्याला समच्छेदाकडे परत न्यावे लागेल.

३ पूर्णांक ३/१२ असेल, तर मुलाने छेद १२ केला आहे, पण अंश बदललेले नाहीत. त्याला लसावि येतो, सममूल्य अपूर्णांक विसरला आहे. इथे एक प्रश्न पुरतो: ‘३/१२ म्हणजे किती? १/४ च ना? मग २/३ गेले कुठे?’ मुलाला चूक बहुधा स्वतःच सापडते. हा गट सर्वांत लवकर सुधारतो, म्हणून फळ्यावर घ्यायची एक चूक निवडताना हीच निवडावी.

११/१२ एवढेच असेल, तर मुलाने अपूर्णांकांची बेरीज नीट केली, पण तो पूर्णांक खाली उतरवायचे विसरला. त्याच्या वहीत तिसऱ्या ओळीतल्या ३ वर बोट ठेवले तरी पुरते.

फिरताना हातात कागदाचा एक तुकडा ठेवावा आणि त्यावर तीन चुकांसमोर काड्या मारत जावे. सातव्या मिनिटाला कोणत्या चुकीच्या किती काड्या पडल्या आहेत, त्यावरून शेवटच्या दोन मिनिटांत काय घ्यायचे ते ठरते, आणि उद्याच्या तासिकेची सुरुवातही.

लवकर झालेल्या मुलांना आणखी बेरजा देऊ नयेत. त्यांना उलटा प्रश्न द्यावा: ‘२ पूर्णांक ३/४ मध्ये किती मिळवले की बरोबर ४ होतील?’ हे तोंडी सुटते आणि त्यातून उद्याच्या पायरीची ओळखही होते, कारण इथे अपूर्णांक मिळून एक पूर्ण होतो.

नेहमी होणाऱ्या चुका

‘समजलं का?’ या प्रश्नाला सगळा वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणतो. त्या सुरात ३ पूर्णांक ३/७ लिहिणारी मुलेही असतात. वेळ कमी असला की या प्रश्नाचा मोह वाढतो, कारण तो दोन सेकंदांत संपतो. त्याऐवजी फळ्यावरच्या उदाहरणात एका ठिकाणी थांबून ‘पुढची ओळ काय येईल, वहीत लिहा’ असे सांगावे आणि अर्धे मिनिट थांबावे.

हुशार मुलाला फळ्यावर बोलावून उदाहरण सोडवून घेणे हाही वेळ वाचवण्याचा मार्ग वाटतो. पण फळ्यावर एकच मुलगा सोडवतो आणि चव्वेचाळीस मुले उतरवून घेतात. उतरवलेली वही बरोबर असते, म्हणून तपासताना काहीच कळत नाही.

न शिकवलेला भाग गृहपाठाला देणे ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. दुसरी रीत वर्गात झाली नाही म्हणून ‘घरून वाचून या’ असे सांगितले, तर काही मुले शिकवणीत ती वेगळ्या मांडणीने शिकून येतात, काहींना घरी कोणी सांगणारे नसते. दुसऱ्या दिवशी एकाच वर्गात तीन प्रकारच्या वह्या असतात. गृहपाठ आज केलेल्याच रीतीचा आणि आजच्याच प्रकारच्या संख्यांचा द्यावा. तीन उदाहरणे पुरेत:

- ३ पूर्णांक १/२ + १ पूर्णांक १/५ (उत्तर ४ पूर्णांक ७/१०)
- २ पूर्णांक १/६ + ४ पूर्णांक १/४ (उत्तर ६ पूर्णांक ५/१२)
- १ पूर्णांक २/५ + ३ पूर्णांक १/३ (उत्तर ४ पूर्णांक ११/१५)

पुढच्या तासिकेतली पाच मिनिटे मागून घेणे टाळावे. पुढच्या शिक्षकाचाही पाठ मग तसाच कापला जातो, आणि त्यांना तो कापायचा आहे हे आधी माहीतही नसते.

कोणते पाठ कापू नयेत

गणितातला रीत शिकवण्याचा पाठ असा कापता येतो, कारण त्याचे तुकडे स्वतंत्र उभे राहतात. सगळे पाठ तसे नसतात. तापवण्याचा किंवा आम्ल हाताळण्याचा गटातला प्रयोग वीस मिनिटांत बसवू नये. मांडणी, सूचना आणि आवराआवर यांतच वेळ जातो आणि घाईत अपघाताची शक्यता वाढते. त्या दिवशी आकृती, साहित्याची ओळख आणि ‘काय होईल असे वाटते’ याचे लेखन घ्यावे, प्रयोग पूर्ण तासिकेला करावा. घटक चाचणीही कापू नये. अर्ध्या वेळात सोडवलेल्या चाचणीचे गुण मुलाला काय येते ते दाखवत नाहीत, ते त्याचा वेग दाखवतात.

कवितेचा पाठ मात्र चांगला कापता येतो. पूर्ण कवितेचे एक प्रकट वाचन ठेवावे, चर्चा एकाच कडव्याची करावी. कविता अर्धी वाचून थांबू नये, कारण शेवट न ऐकता पहिल्या कडव्यांवर बोलणे मुलांना जमत नाही. इतिहासाच्या पाठात नकाशा किंवा चित्र यांपैकी एक साधन निवडून त्यावरच तासिका बांधावी.

एक किंवा दोन शिक्षकांच्या शाळेत हा प्रश्न वेगळा आहे. तिथे दिवसभर वर्ग त्याच शिक्षकाकडे असतो, म्हणून पाठ कापण्याऐवजी तो दुपारी हलवणे जास्त सोपे जाते. परिपाठानंतरच्या वीस मिनिटांत पाढे, शुद्धलेखन किंवा वाचन यांसारखे ठरलेले छोटे काम घ्यावे.

उरलेल्या भागाची नोंद

कापलेला भाग टाचणात किंवा दैनंदिनीत त्याच दिवशी लिहून ठेवावा, नाहीतर तो घटक संपल्यावर चाचणीतच आठवतो. नोंद छोटी पण नेमकी असावी: ‘परिपाठामुळे २० मि. झाली. पहिली रीत, अपूर्णांक एकापेक्षा कमी, झाले. उरले: अपूर्णांक एकापेक्षा जास्त, दुसरी रीत. ३/१२ ची चूक ११ जणांची.’ ‘पाठ अपूर्ण’ एवढेच लिहिले तर पुढच्या आठवड्यात त्यावरून काहीच ठरवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी दोन दिवसांचा पाठ एकाच तासिकेत घ्यायचा प्रयत्न करू नये. सुरुवातीला १ पूर्णांक ३/४ + २ पूर्णांक १/२ हे उदाहरण द्यावे. मुले कालच्याच रीतीने ३ पूर्णांक ५/४ पर्यंत येतात आणि तिथे अडतात. ५/४ मधून एक पूर्ण काढला की उत्तर ४ पूर्णांक १/४ होते. कालचा भाग पक्का असेल तर यापुढे दुसऱ्या रीतीला त्याच तासिकेत वेळ मिळतो. घटकाचे नियोजन करतानाच शेवटी एक मोकळी तासिका ठेवलेली असेल, तर वगळलेली पट्ट्यांची कृती आणि जादा सराव तिथे बसतो. सहा तासिकांच्या घटकामागे एक मोकळी तासिका हे प्रमाण व्यवहारात पुरते.

शाळेकडे काय मागता येते

एखादी तासिका क्वचित कापली गेली, तर शिक्षकांनी वर दिल्याप्रमाणे स्वतः मार्ग काढावा. पण दर सोमवारी विशेष परिपाठ होत असेल आणि सोमवारची पहिली तासिका नेहमी गणिताचीच असेल, तर तो वेळापत्रकाचा प्रश्न आहे. आठवड्याला वीस मिनिटे गेली, तर २२० कामकाजाच्या दिवसांच्या वर्षात, म्हणजे साधारण ३६ आठवड्यांत, ७२० मिनिटे जातात. चाळीस मिनिटांच्या त्या अठरा तासिका होतात. आठवड्याला गणिताच्या सात तासिका असतील, तर एका वर्गाचे एका विषयाचे अडीच आठवडे केवळ परिपाठात गेले. शिक्षण हक्क अधिनियमाच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० दिवस आणि १,००० तास अध्यापन सांगितले आहे, पहिली ते पाचवीसाठी २०० दिवस आणि ८०० तास. वेळ कुठे जातो याचा हिशेब मांडणे त्यामुळे शिक्षकाच्या कामाचाच भाग ठरतो.

हा हिशेब कागदावर मांडून मुख्याध्यापकांपुढे किंवा पर्यवेक्षकांपुढे ठेवावा आणि तीन गोष्टी मागाव्यात. विशेष परिपाठाची तारीख आणि अंदाजे वेळ किमान दोन दिवस आधी सूचना वहीत यावी. जयंत्या आणि दिनविशेष वर्षारंभीच ठरलेले असतात, त्यामुळे बहुतेक वेळा हे शक्य असते. विशेष परिपाठाच्या दिवशी छोट्या तासिकांचे वेगळे वेळापत्रक लावावे. आठ तासिकांच्या दिवसात वीस मिनिटे वाटली, तर प्रत्येक तासिका अडीच मिनिटांनीच कमी होते आणि कोणाचाच पाठ अर्ध्यावर येत नाही. तेही जमत नसेल, तर विशेष परिपाठाचा वार दर आठवड्याला बदलावा, किंवा त्या दिवशी पहिली तासिका कार्यानुभव, चित्रकला अशा विषयांना आळीपाळीने द्यावी. त्या विषयांच्या शिक्षकांशी आधी बोलूनच हे ठरवावे. प्रत्येक वेळी त्यांचीच तासिका जाऊ लागली, तर तोच हिशेब घेऊन मुख्याध्यापकांकडे जाण्याचा हक्क त्यांनाही आहे.